सप्तमातली शुक्र-मंगळ युती, मकर लग्न, जून १९९१

प्रश्न: ताई, माझं मकर लग्न आहे आणि सप्तमात कर्केत शुक्र, मंगळ, गुरू तिघं एकत्र. जन्म जून १९९१ च्या शेवटच्या दहा दिवसातला, साताऱ्याचा, रात्री ९.४० चा. आलेल्या एका स्थळाने पत्रिका परत पाठवली, त्यांच्या ज्योतिषाने म्हणे सांगितलं की मुलीला शुक्र-मंगळ आहे, एका ठिकाणी टिकणार नाही. याआधी माझी दोन रिलेशन्स झालीत, २०१२ मध्ये आणि २०१६ मध्ये, दोन्ही तुटली, आणि खरं सांगायचं तर दुसऱ्या वेळी मी खूप संशय घ्यायचे, फोन चेक करायचे. म्हणजे ते ज्योतिषी बरोबरच बोलले का?

उत्तर:

आधी एक गंमत सांगते. जून १९९१ मध्ये संध्याकाळी पश्चिमेला गुरू, शुक्र आणि मंगळ इतके जवळ आले होते की ज्यांना ग्रह ओळखता येत नाहीत ती माणसंही अंगणात उभं राहून बघत होती. शुक्र लखलखीत, गुरू त्याच्या खालोखाल, आणि मंगळ मात्र बारीकसा, शोधून काढावा लागत होता. तुमचा जन्म झाला तेव्हा हे तिघं मावळतीला टेकत आले होते, म्हणूनच तर ते सप्तमात पडले, सप्तम स्थान म्हणजे दुसरं काही नाही, पश्चिम क्षितिजच. आता शुक्र आणि मंगळ कर्क राशीत एकत्र होते तो काळ जवळजवळ महिनाभराचा, मेच्या अखेरीपासून जुलै लागेपर्यंत. त्या महिन्यात जगात जेवढी मुलं जन्मली त्या सगळ्यांना कर्केत शुक्र-मंगळ आहे, आणि त्यातल्या दिवसाच्या त्या दोनेक तासात जन्मलेल्यांना तर तो सप्तमातच आहे. ती सगळी माणसं एका ठिकाणी न टिकणारी निघाली असती तर त्या वर्षाची अख्खी पिढी लग्नाविना राहिली असती. तेव्हा नुसती युती बघून पत्रिका परत पाठवली असेल तर ते काम अर्धवट झालं एवढं मी म्हणेन, त्या गृहस्थांचं बाकी ज्ञान मला माहीत नाही.

माझा अनुभव असा की लोक तीन वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरतात. ओढ किंवा आवेग, मग मत्सर, आणि मग एकापेक्षा जास्त जणांत मन गुंतणं. पत्रिकेत या तिन्ही तीन वेगळ्या ठिकाणी बघायच्या असतात. शुक्र-मंगळ युतीने पहिली गोष्ट कळते. दुसरीसाठी चंद्र बघावा लागतो. तिसरीसाठी द्विस्वभाव राशी, सप्तमेश, बुध-राहूचा संबंध आणि दशा, हे सगळं मिळून बघावं लागतं. तुमच्या पत्रिकेत पहिली जोरदार आहे, दुसरी आहेच आहे, आणि तिसरी, मला तरी, फारशी दिसत नाही. कसं ते सांगते.

आधी युती. शुक्र कर्केच्या साधारण २१ अंश ४० कलांवर, मंगळ २२ अंश २० कलांवर, म्हणजे दोघांत एक अंशसुद्धा नाही. एकाच राशीत असणं आणि इतकं जवळ असणं यात खूप फरक आहे, वीस अंशांचं अंतर असेल तर मी त्याला युती म्हणून फार वजन देत नाही, पाच-सहा अंशांच्या आत आलं की परिणाम जाणवतो, आणि एका अंशाच्या आत आलं की जुने लोक त्याला ग्रहयुद्ध म्हणतात. यात कोण जिंकलं यावर वाद आहेत, कोणी उत्तरेकडचा ग्रह जिंकला म्हणतं, कोणी तेज बघतं. तेजाने बघितलं तर तुमच्याकडे शुक्र जिंकला, हे आकाशात दिसतच होतं. आणखी एक बारकावा, तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. शुक्र मंगळाच्या मागे आहे आणि चालीने वेगवान, म्हणजे तो मंगळाला गाठायला निघालाय, युती अजून व्हायची आहे. अशा माणसाला मी कायम विचारते की पहिलं पाऊल कोणी टाकलं, आणि बहुतेक वेळा उत्तर येतं की मीच. वाट बघायला जमत नाही, आवडलं की सांगून टाकायचं, आणि समोरच्याने तेवढ्याच वेगाने यावं अशी अपेक्षा. तुमच्या बाबतीतही तसंच झालं असेल तर नवल नाही, नसेल तर मला कळवा, मी दुरुस्त करेन.

राशी कर्क, नक्षत्र आश्लेषा. कर्केत मंगळ नीच, त्यामुळे तो सरळ तलवार काढून लढत नाही, आत साठवतो, रडतो, मग एकदम फुटतो. मेषेतल्या मंगळवाली बाई भांडून मोकळी होते, जेवायला बसते. कर्केतला मंगळ तीन दिवस बोलत नाही. आश्लेषेला विळखा म्हणतात ते उगीच नाही, सर्पाचं नक्षत्र, धरलं की सोडत नाही. बघा, म्हणजे इथेच 'टिकणार नाही' या वाक्याचं उलट दिसतं, ही युती सोडणारी नाही, जास्त घट्ट धरणारी आहे.

नीच म्हटल्यावर लोक घाबरतात, पण तुमच्या मंगळाचा नीचभंग फार स्वच्छ आहे. कर्केचा स्वामी चंद्र दशमात, केंद्रात. कर्केत उच्च होणारा गुरू मंगळाबरोबर, तोही केंद्रात. मंगळ ज्या राशीत उच्च होतो त्या मकरेचा स्वामी शनी लग्नात स्वराशीचा. एवढे आधार एकत्र क्वचित मिळतात. आणि नवांशात शुक्र-मंगळ दोघंही मकरेत गेलेत, म्हणजे राशीत नीच असलेला मंगळ नवांशात उच्च. असा मंगळ तरुणपणी धडपडतो, पस्तिशीनंतर शहाणा होतो असं मी बघितलंय. सप्तमात मंगळ म्हणून तुम्हाला मंगळ आहे हे खरंच, तो लपवू नका, पण गुरूच्या युतीत असल्याने बहुतेक ज्योतिषी तो सौम्य धरतात.

गुरूबद्दल एक सांगायलाच हवं. स्त्रीच्या पत्रिकेत गुरू पतीचा कारक आणि मंगळ प्रियकराचा, असं आपल्याकडे धरतात. तुमच्याकडे दोघंही एकाच घरात. साधारण १९ अंशांवर गुरू उच्चीचा, मंगळ तीनेक अंश पुढे. याचं फळ मला असं दिसतं की तुम्हाला एकाच माणसात दोघं हवे असतात, अंगावर काटा आणणाराही आणि बापासारखा शांत, समजूतदारही. असा माणूस शोधायला वेळ लागतो. त्यात शुक्र सप्तमाचा कारक आणि सप्तमातच बसलेला, कारक भावात बसला की भावाचं सुख उशिरा किंवा अडून मिळतं अशी म्हण आहे, आणि वर लग्नातल्या वक्री शनीची सरळ सातवी दृष्टी. लग्न उशिरा, हे मात्र पत्रिका मोठ्याने सांगते. तुम्ही चौतिशीत आहात, त्यात तुमचं काही चुकलेलं नाही.

आता मत्सराकडे येते, कारण तुम्ही प्रामाणिकपणे लिहिलंत म्हणून मलाही आडपडदा न ठेवता सांगायला हवं. तुमचा चंद्र तुळेत, ११ अंशांच्या आसपास, स्वाती नक्षत्र, म्हणजे नक्षत्रस्वामी राहू. चंद्रच तुमचा सप्तमेश. आणि या चंद्रावर सप्तमातून मंगळाची चौथी दृष्टी येते, लग्नातून शनीची दहावी दृष्टी येते. दोन्ही बाजूंनी. मंगळ म्हणतो आत्ता उत्तर दे, शनी म्हणतो नक्की काहीतरी लपवतायत, आणि स्वातीचा राहू त्यावर धूर सोडतो. शुक्र-मंगळ कितीही जवळ असले तरी चंद्र स्वच्छ असेल तर माणूस आवेगी होतो, संशयी होत नाही. असे कितीतरी बघितलेत, तापट पण दिलदार, नवऱ्याचा फोन कधी हातात न घेतलेले. तुमचा त्रास युतीचा नाहीच, तो चंद्राचा आहे. म्हणूनच संशय आला की तुम्हाला आधी झोप लागत नसेल, पोटात खड्डा पडत असेल, आणि राग त्याच्या नंतर येत असेल. नुसत्या मंगळाचा राग असता तर आधी आवाज चढला असता. कर्केतल्या युतीच्या दहा-पंधरा पत्रिका माझ्याकडे आहेत आणि ज्यांचा चंद्र असा दोन्हीकडून पाहिला गेलाय त्यांचीच तक्रार फोन, लास्ट सीन, कोणाच्या फोटोला लाइक केलं यावर येऊन थांबते, बाकीच्यांची तक्रार वेगळीच असते. दहा-पंधरा म्हणजे काही मोठा आकडा नाही हे मला कळतं, पण तेवढ्यात तरी हा फरक मला सारखा दिसला.

याच चंद्रावरून तुम्ही पुढे स्वतःला ओळखू शकता. संशय खरा की चंद्राचा, हे बघायची माझी साधी रीत अशी की तो संशय कुठल्या तरी एका दिसलेल्या गोष्टीवर उभा आहे का, की रात्री साडेअकराला आपोआप आला. आपोआप आला असेल तर तो त्या माणसाबद्दल काहीच सांगत नाही. पण दिसलेल्या गोष्टीवर असेल तर मग ग्रहांवर ढकलू नका, सरळ विचारा. आणि उलट्या बाजूने, कोणी तुमचा फोन तपासत असेल, धमक्या देत असेल, तर त्याच्या पत्रिकेत मंगळ कुठे आहे याच्याशी तुम्हाला काही देणंघेणं नाही, तिथे मी पत्रिका बघतच नाही.

तिसरी गोष्ट, अनेक ठिकाणी मन जाणं. हे मी कशावरून बघते ते सांगते म्हणजे तुम्हाला स्वतःलाच पडताळता येईल. शुक्र किंवा सप्तमेश मिथुन, कन्या, धनु, मीन या द्विस्वभाव राशीत आहे का. शुक्राला बुध किंवा राहू चिकटलाय का. सप्तमेश आणि लाभेश एकमेकांत गुंतलेत का, कारण लाभ म्हणजे संख्या वाढणं. पंचम, सप्तम आणि व्यय या तिघांची साखळी बनते का. यातलं एखादं सगळ्यांकडे असतं, तीन-चार एकत्र आले तर मी विषय काढते, तोही हळूच.

तुमच्याकडे शुक्र चर राशीत, सप्तमेश चंद्रही चर राशीत. चर म्हणजे सुरुवात पटकन, बदलही होतो, पण दोन नावांत पाय नाही. राहू व्ययात धनूत, शुक्राशी त्याचा संबंध नाही. बुध षष्ठात मिथुनेत स्वराशीचा, रवी-केतूबरोबर. एक दुवा मात्र आहे आणि तो मी लपवणार नाही. मकर लग्नाला शुक्र पंचमेश आणि मंगळ लाभेश, ते दोघं सप्तमात एकत्र, म्हणजे प्रेम, संख्या आणि जोडीदार हे तिन्ही एका घरात आले. शिवाय आश्लेषेचा स्वामी बुध द्विस्वभाव राशीत. त्या ज्योतिषाने बहुधा हेच बघितलं. पण त्याच घरात उच्चीचा गुरू आहे आणि वरून शनीची स्वराशीतून दृष्टी आहे, हे बघितलं नाही, किंवा बघून सोडून दिलं. या दोघांच्या पहाऱ्यात ती साखळी एकापाठोपाठ एक अशी चालते, एकाच वेळी दोन अशी चालत नाही. एक संपलं, मग दुसरं. तुमचा इतिहासही तेच सांगतो की.

दशा लावून बघू. स्वातीत जन्म म्हणून सुरुवात राहूच्या महादशेत, ती साधारण २००३ पर्यंत. मग गुरूची सोळा वर्षं, २०१९ पर्यंत. त्यात गुरूमध्ये शुक्राचं अंतर साधारण २०११ च्या मध्यापासून २०१४ च्या सुरुवातीपर्यंत, तुमचं पहिलं प्रेम २०१२ मध्ये, बरोबर त्यातच. मग गुरूमध्ये मंगळाचं अंतर साधारण २०१६ च्या वसंतापासून पुढचं जवळजवळ वर्षभर, तुमचं दुसरं तिथे. आणि लगेच त्याला जोडून राहूचं अंतर, २०१९ पर्यंत, म्हणजे तुमच्या चंद्राचा नक्षत्रस्वामीच. फोन चेक करण्याचा काळ २०१७-१८ चा असेल असं माझा अंदाज म्हणतो. पहिलं शुक्राने दिलं, दुसरं मंगळाने दिलं, युतीतल्या दोन ग्रहांनी एकेकदा दार वाजवलं आणि हिशोब संपला. तिसरा ग्रह त्या घरात उरलाय तो गुरू, पतीकारक.

यात एक गोष्ट सांगते, चंद्राचे अंश एखाद्या अंशाने इकडेतिकडे झाले तर दशेच्या या तारखा वर्षभर सरकतात, त्यामुळे मी महिना कधीच सांगत नाही आणि जे महिना-तारीख सांगतात त्यांना जन्मवेळ किती खात्रीची आहे ते आधी विचारावं.

२०१९ पासून शनीची महादशा चालू आहे, तो लग्नेश. त्यातलं केतूचं अंतर तुटकपणाचं, स्थळं येतात आणि कारण नसताना परत जातात, तुमच्याकडे झालं ते या काळाला शोभणारंच. २०२६ मध्ये शुक्राचं अंतर लागतं, तीन वर्षं दोन महिने. मकर लग्नाला शुक्र पंचमेश आणि दशमेश, म्हणजे योगकारक, तो सप्तमात बसून अंतर देणार. लग्नाला हा काळ चांगला म्हणायला माझी हरकत नाही. पण लक्षात ठेवा, त्याच शुक्राला मंगळ चिकटलेला आहे, त्यामुळे ओढही जोरात येईल आणि चार भेटींत ठरवून टाकावंसं वाटेल. तिथे थोडं शनीचं ऐका, निदान सहा महिने जाऊ द्या.

एक अवांतर. हीच युती मुलाच्या पत्रिकेत असली की रसिक, कलाप्रेमी, मुली याच्यावर फिदा वगैरे लिहितात, आणि मुलीच्या पत्रिकेत असली की चारित्र्य. जुन्या श्लोकांत स्त्रीजातक वेगळं काढून जे लिहिलंय ते वाचताना लिहिणारा कुठल्या काळात आणि कुठल्या बाजूला बसून लिहीत होता हे बघावंच लागतं. मी वीसेक वर्षांत हे योग दोघांनाही सारखेच लावते, आणि मुलाकडच्यांना ते आवडत नाही, दोनदा तर दक्षिणा न देता उठून गेलेत.

खड्यांचं विचारलं नाहीत पण विचाराल म्हणून, पोवळं घालू नका. मंगळ आधीच सप्तमात शुक्राला चिकटून चंद्राकडे बघतोय, त्याला आणखी बळ कशाला द्यायचं. हिऱ्याचीही घाई नको. चंद्र सांभाळायचा म्हणजे मुख्यतः झोप, आणि रात्री दहानंतर नात्यातला कुठलाही वाद मेसेजवर करायचा नाही, सकाळी बोलायचं. हा उपाय पोथीत सापडणार नाही, पण अशा चंद्राच्या बायकांना मी कितीदा सांगितलाय आणि त्याने खरंच फरक पडतो.

स्थळाची पत्रिका आली की छत्तीस गुणांवर थांबू नका, गुणमेलनात फक्त दोघांचे चंद्र, म्हणजे राशी आणि नक्षत्रच बघितले जातात, तुमची युती त्यात येतच नाही. त्या मुलाचा शनी किंवा राहू तुमच्या तुळेच्या चंद्रावर, १० ते १२ अंशांजवळ पडतोय का ते आधी बघा, पडत असेल तर तो तोंडातून एक शब्द न काढताही तुमचा संशय वाढवेल. त्याचा गुरू किंवा शुक्र तुळेत किंवा कुंभेत असेल तर बरं. आणि त्याचा मंगळ कर्केत किंवा मकरेत असेल तर वेग जुळतो, भांडणंही जुळतात.

शेवटचं, जन्मवेळ. तुम्ही ९.४० लिहिलंय. त्या दिवसांत साताऱ्याला मकर लग्न साधारण नऊच्या थोडं आधी सुरू होऊन पावणेअकराच्या आसपास संपत होतं, म्हणजे तुमची वेळ मध्यावर आहे, पंधरा मिनिटांनी चुकली तरी लग्न बदलत नाही. पण ९.४० ही कोणी आठवणीतून सांगितलेली असेल आणि खरी वेळ अकराच्या पुढची निघाली तर लग्न कुंभ होतं, युती षष्ठात जाते आणि वर लिहिलेलं अर्ध्याहून जास्त पुसून टाकावं लागतं. हॉस्पिटलचा कागद घरात कुठे असेल तर काढा, नसेल तर आईला विचारा की बाळ झालं तेव्हा घरच्यांची जेवणं उरकली होती का, अशा गोष्टी घड्याळापेक्षा पक्क्या बायकांच्या लक्षात राहतात. ते कळलं की लिहा, तेवढ्यावरून मी पुन्हा एकदा तपासून देते.